शाळा समितीपुढील मुलाखतीनंतर आभारपत्रात अध्यापनाची उद्दिष्टे कशी मांडावीत?

प्रश्न : एका खासगी विनाअनुदानित शाळेत सहावी ते आठवीच्या गणित शिक्षिकेच्या पदासाठी काल माझी मुलाखत झाली. आधी सातवीच्या वर्गावर पाठ घ्यायला लावला, मग मुख्याध्यापिका, समितीचे अध्यक्ष आणि दोन विश्वस्त यांच्यापुढे प्रश्नोत्तरे झाली. "सातवीत येऊनही अपूर्णांकांची बेरीज न येणाऱ्या मुलांचे तुम्ही काय कराल?" असे एका विश्वस्तांनी विचारले. "जादा तास घेईन," एवढेच मी म्हणाले आणि पुढचा प्रश्न आला. आता आभाराचे पत्र पाठवावे का? कोणाच्या नावे? माझी उद्दिष्टे त्यात पुन्हा कशी लिहू, म्हणजे ती विनवणी वाटणार नाही?

उत्तर :

पत्र जरूर पाठवा, आजच पाठवा आणि एकच पाठवा. ते समितीच्या अध्यक्षांच्या नावे, मुख्याध्यापिकांमार्फत जाऊ द्या. त्यात उद्दिष्टे दोनच असावीत आणि त्यांतले पहिले त्या विश्वस्तांच्या प्रश्नातून आलेले असावे. मी मुख्याध्यापक म्हणून अनेक वर्षे अशा समित्यांच्या मुलाखतींत बसलो आहे आणि उमेदवारांची पत्रे समितीपुढे ठेवली आहेत. त्या अनुभवावरून पुढचे लिहितो.

आधी हे पत्र कोठे पोहोचते ते लक्षात घ्या. बहुतेक संस्थांमध्ये मुलाखत संपताच सदस्य आपापल्या तक्त्यावर गुण किंवा शेरे लिहितात, पण नेमणुकीचा ठराव नंतरच्या बैठकीत होतो. मधल्या काळात अर्ज, प्रमाणपत्रांच्या प्रती आणि शेरे यांची फाइल मुख्याध्यापिकांकडे असते व बैठकीत ती त्याच मांडतात. तुमचे पत्र त्या फाइलीत बैठकीपूर्वी लागले तर त्याचा उपयोग, नंतर आले तर ते केवळ सौजन्य ठरते. पत्राने कोणाचे गुण बदलत नाहीत आणि बदलावेत अशी अपेक्षाही ठेवू नये. मात्र दोन उमेदवार जवळपास सारखे असतील, तेव्हा सदस्य फाइल पुन्हा उलगडतात, आणि एकाच्या फाइलीत वर्गाविषयी काही ठोस लिहिलेले असेल तर चर्चा त्याच्याभोवती होते. शासनाच्या पवित्र पोर्टलमार्फत होणाऱ्या भरतीची गोष्ट वेगळी आहे. तिथे निवड ठरलेल्या पद्धतीनेच होते, म्हणून आभाराच्या दोन ओळींपलीकडे काहीही लिहू नये.

नाव कोणाचे घालावे, यात अनेकांची गल्लत होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार जी शाळा व्यवस्थापन समिती असते तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, पण हे कलम खासगी विनाअनुदानित शाळेला लागू नाही. तुमची मुलाखत घेणारी समिती ही संस्थेची समिती आहे आणि नेमणुकीचा अधिकार संस्थेचा आहे. तेव्हा मुलाखतीच्या बोलावणे-पत्रावर समितीचे जे नाव छापले असेल तेच जसेच्या तसे वापरा. अध्यक्षांच्या नावे लिहून "द्वारा मा. मुख्याध्यापिका" असे घातले की मुख्याध्यापिकांना डावलल्यासारखे होत नाही आणि विश्वस्तांनाही पत्र रीतसर मिळते. एखाद्या विश्वस्तांचा मोबाइल क्रमांक तुमच्याकडे असला तरी त्यांना वेगळा निरोप पाठवू नका. तुमचा हेतू कितीही सरळ असला तरी समितीत तो वशिल्याचा प्रयत्न म्हणूनच वाचला जातो, आणि ज्यांना निरोप आला नाही ते सदस्य दुखावतात. असा निरोप आलेल्या विश्वस्तांनाच बैठकीत अवघडून गप्प बसावे लागते, हे मी पाहिले आहे.

आभार मानताना मुख्याध्यापिका आणि विश्वस्त यांचे आभार एकाच वाक्यात गुंडाळू नयेत, कारण दोघांनी तुमच्यासाठी केलेले काम वेगळे आहे. तुमच्या पाठासाठी मुख्याध्यापिकांनी एक चालू वर्ग मोकळा करून दिला, म्हणजे कोणत्या तरी शिक्षकाची तासिका हलवली आणि मुलांना तयार ठेवले. विश्वस्त स्वतःचे कामधंदे सांभाळून येतात, आणि तुमच्या बाबतीत त्यांच्यापैकी एकाने वर्गातल्या खऱ्या अडचणीवर बोट ठेवले. या दोन गोष्टींची नोंद घेतली की आभार पुरे झाले. "आपण आपला अमूल्य वेळ देऊन मला उपकृत केले" अशा वाक्यांनी जागा भरते, पण तुम्ही त्या खोलीत काय ऐकले ते त्यातून कळत नाही. संस्थेच्या परंपरेची, निकालाची किंवा इमारतीची स्तुतीही नको, कारण नोकरीची अपेक्षा असलेल्या माणसाने केलेल्या स्तुतीला समितीच्या लेखी किंमत नसते.

आता उद्दिष्टांकडे वळतो, कारण खरा कस तिथे लागतो.

"विद्यार्थ्यांमध्ये गणिताची गोडी निर्माण करणे", "सर्वांगीण विकास साधणे" ही वाक्ये जवळजवळ प्रत्येक अर्जात असतात. ती खोटी नसतात, पण त्यांच्यावर कोणाला काही विचारता येत नाही. उद्दिष्ट विचारण्याजोगे व्हायचे असेल तर त्यात चार गोष्टी हव्यात: मुलांना आज काय येत नाही, ते मी कशावरून ओळखणार, किती मुदतीत काय बदललेले असेल, आणि तो बदल मुख्याध्यापिकांना कोठे पाहायला मिळेल. "जादा तास घेईन" या उत्तरात यांपैकी काहीच नव्हते. जादा तास हे साधन झाले. त्या तासात काय करणार, हेच विश्वस्तांना ऐकायचे होते.

तुमचाच विषय घेऊन हे उलगडून दाखवतो. सातवीत परिमेय संख्यांवरील क्रिया येतात तेव्हा अपूर्णांकांची कच्ची बाजू उघडी पडते. मुलांना २/३ + १/४ हे उदाहरण द्या. योग्य उत्तर ११/१२ आहे. चुकणाऱ्या मुलांच्या वह्या नीट पाहिल्या तर बहुधा दोन वेगळ्या चुका सापडतात. काही मुले ३/७ लिहितात, म्हणजे वरच्यात वरचा आणि खालच्यात खालचा आकडा मिळवतात. त्यांच्या लेखी अपूर्णांक ही एक संख्या नसून एकावर एक ठेवलेले दोन आकडे आहेत. दुसरी मुले ३/१२ लिहितात. त्यांना छेद समान करायचा असतो हे आठवते, पण छेद बदलला की अंशही त्याच पटीत बदलावा लागतो हे निसटलेले असते.

दोन्ही चुकांवर लाल शेरा एकच पडतो, पण उपाय मात्र वेगळे आहेत. ३/७ लिहिणाऱ्या मुलाला लसावि पुन्हा शिकवून काहीच उपयोग होत नाही. त्याला आधी कागदाची पट्टी घडी घालून दाखवावी लागते, मग विचारावे लागते की ३/७ हे अर्ध्यापेक्षा कमी आहे आणि २/३ अर्ध्यापेक्षा जास्त, तर मिळवल्यावर संख्या लहान कशी झाली? ३/१२ लिहिणाऱ्याला विचारावे की ३/१२ म्हणजे १/४ च, मग तू मिळवलेले २/३ गेले कुठे? या प्रश्नानंतर तो स्वतःच सममूल्य अपूर्णांकांकडे वळतो. जादा तासात सगळ्यांना एकत्र बसवून तीच वीस उदाहरणे पुन्हा सोडवून घेतली तर पहिल्या गटातली मुले कृती पाठ करतात आणि महिन्याभरात विसरतात.

एवढे सगळे पत्रात लिहायचे नाही, कारण पत्र म्हणजे पाठ टाचण नव्हे. पण हे तुमच्या मनात स्पष्ट असेल तर त्यातली दोन वाक्येही पुरेशी होतात, आणि गणित न शिकवणाऱ्या विश्वस्तांनाही कळते की ही बाई मुलाची वही उघडून पाहणार आहे.

दुसरे उद्दिष्ट मुलाखतीत ज्यावर तुम्ही समाधानकारक बोललात त्यातले घ्या. तुम्ही ते लिहिलेले नाही, म्हणून पुढच्या नमुन्यात मी वह्या तपासण्याचा विषय गृहीत धरतो. मुख्याध्यापिका हा प्रश्न बहुतेक मुलाखतींत विचारतात. तुमच्याकडे विषय दुसरा असेल तर परिच्छेद बदला, पण मुलाखतीत जे बोललात त्याच्या विरुद्ध जाणारे काहीही पत्रात येऊ देऊ नका. सदस्यांच्या तक्त्यावर तुमचे उत्तर लिहिलेले असते.

नमुना असा:

> प्रति,
> मा. अध्यक्ष,
> शाळा समिती,
> (संस्थेचे व शाळेचे नाव)
>
> द्वारा : मा. मुख्याध्यापिका
>
> विषय : सहायक शिक्षिका (गणित, इयत्ता सहावी ते आठवी) या पदाच्या मुलाखतीबाबत आभार
>
> संदर्भ : मुलाखतीच्या बोलावणे-पत्राचा क्रमांक व दिनांक
>
> महोदय,
>
> वरील पदासाठी काल झालेल्या मुलाखतीबद्दल मी समितीची मनःपूर्वक आभारी आहे. मा. मुख्याध्यापिकांनी सातवीच्या चालू वर्गावर पाठ घेण्याची संधी दिली, त्यामुळे शाळेतील मुलांची तयारी आणि त्यांचा मोकळेपणा मला प्रत्यक्ष पाहता आला. मा. विश्वस्तांनी सातवीतील अपूर्णांकांच्या अडचणीविषयी विचारलेला प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटला. त्यावर मी जादा तास घेण्याचा उल्लेख केला होता. त्या तासांत काय करायचे आहे, ते येथे थोडक्यात नमूद करते.
>
> वर्षाच्या पहिल्या दोन आठवड्यांत मी सातवीतील प्रत्येक विद्यार्थ्याला अपूर्णांकांवरील दहा उदाहरणांची, गुण न देता घ्यायची एक छोटी चाचणी देईन. चुकीची उत्तरे पाहून ज्यांना अपूर्णांकाची कल्पनाच स्पष्ट नाही आणि ज्यांची केवळ छेद समान करण्याची रीत चुकते, असे दोन गट करीन. पहिल्या गटाशी कागदी पट्ट्या व संख्यारेषा यांच्या साहाय्याने आणि दुसऱ्या गटाशी सममूल्य अपूर्णांकांवर स्वतंत्रपणे काम करीन. पहिल्या घटक चाचणीपूर्वी तशाच स्वरूपाची चाचणी पुन्हा घेऊन दोन्हींतील प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद मा. मुख्याध्यापिकांना सादर करीन. त्यानंतरही ज्यांची अडचण शिल्लक राहील, त्यांची नावे व अडचणीचे स्वरूप त्या नोंदीत असेल.
>
> वह्या तपासण्याबाबत मी मुलाखतीत सांगितल्याप्रमाणे, चुकीवर केवळ खूण न करता विद्यार्थ्याने ती स्वतः दुरुस्त करून त्याच पानावर पुन्हा सोडवावी आणि ती दुरुस्ती मी पाहावी, असा माझा प्रयत्न राहील. सर्व वर्गांच्या सर्व वह्या दर आठवड्याला अशा रीतीने पाहणे शक्य होणार नाही, म्हणून प्रत्येक वर्गाच्या वह्या आळीपाळीने पंधरवड्यातून एकदा याप्रमाणे पाहण्याचे मी योजले आहे.
>
> समितीला आणखी काही माहिती किंवा कागदपत्रे हवी असल्यास ती सादर करण्यास मी तयार आहे.
>
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, अर्ज क्रमांक, दूरध्वनी)

या पत्रातल्या काही गोष्टी मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. "माझे उत्तर अपुरे राहिले, क्षमस्व" असे कोठेही म्हटलेले नाही. अपुरे उत्तर पुरे करणे हा तुमचा हक्क आहे, पण त्याची माफी मागितली की सदस्यांचे लक्ष उत्तरावरून उणिवेवर जाते, आणि कदाचित ज्यांना ती जाणवलीही नव्हती त्यांना ती जाणवते. "जादा तासांचा उल्लेख केला होता, त्यात काय करायचे ते नमूद करते" एवढ्याने दुवा जुळतो आणि आधीचे बोलणे खोटेही ठरत नाही.

दुसरी गोष्ट, "सर्व विद्यार्थ्यांना अपूर्णांक येतील" असे वचन पत्रात नाही. ते तुमच्या हातात नाही आणि समितीतल्या अनुभवी माणसाला ते ठाऊक असते. चाचणी, गट, पुन्हा चाचणी आणि नोंद या चार गोष्टी तुमच्या हातात आहेत, म्हणून त्यांचेच आश्वासन दिले आहे. ज्यांची अडचण राहील त्यांची नावे देईन, हे वाक्य काढून टाकण्याचा मोह होईल, कारण त्यात अपयशाची कबुली दिसते. ते ठेवा. माझ्यासारख्या मुख्याध्यापकाला सगळ्यांत जास्त विश्वास त्याच वाक्याने वाटतो.

वह्यांच्या परिच्छेदातली मर्यादाही त्याच कारणासाठी आहे. समजा तुमच्याकडे पाच तुकड्या आल्या आणि प्रत्येकीत चाळीस मुले असली, तर दोनशे वह्या झाल्या. एका वहीला तीन मिनिटे धरली तरी दहा तास लागतात. हे दर आठवड्याला करीन असे लिहिले, तर हिशेब मुख्याध्यापिका मनातल्या मनात करतात आणि तुमच्या उरलेल्या आश्वासनांकडेही त्याच नजरेने पाहतात. पंधरवड्याची मुदतही तुमच्या तुकड्यांची संख्या पाहून ताडून घ्या. संख्या माहीत नसेल तर "आळीपाळीने, ठरलेल्या वेळापत्रकानुसार" एवढेच लिहा.

लिहिलेले पुढे खरोखर तपासले जाते, हेही ध्यानात असू द्या. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या १९७७ च्या अधिनियमाप्रमाणे कायम रिकाम्या पदावरील नेमणूक आधी परिविक्षेवर असते, आणि त्या काळातले काम समाधानकारक आहे की नाही यावर पुढचे अवलंबून असते. तुमचे पत्र वैयक्तिक फाइलीत राहिले तर पहिल्या घटक चाचणीनंतर मुख्याध्यापिका ती नोंद मागू शकतात. म्हणून जे तुम्ही जून महिन्यात प्रत्यक्ष करणार नाही ते पत्रात येता कामा नये, मग ते वाचायला कितीही चांगले दिसो.

पत्रात पगाराचा, रुजू होण्याच्या तारखेचा किंवा दुसऱ्या शाळेतून आलेल्या बोलावण्याचा विषय काढू नका. समितीने विचारले तर त्याचे उत्तर स्वतंत्र द्या. सध्याच्या किंवा आधीच्या गणित शिक्षकाविषयी अप्रत्यक्षही काही लिहू नका. "मुलांचा पाया कच्चा राहिला आहे" हे वाक्य तुम्हाला निरुपद्रवी वाटेल, पण तो पाया घालणारे शिक्षक त्याच शाळेत पाचवी-सहावीला शिकवत असतात आणि मुख्याध्यापिका रोज त्यांच्याबरोबर काम करतात. नमुन्यात "अडचण" हा शब्द त्यासाठीच वापरला आहे. ती कोणामुळे आली, हे पत्रात कोठेही सूचित होत नाही.

पत्र एका पानात बसले पाहिजे. शाळेच्या कार्यालयात कागदी पत्र स्वीकारत असतील तर ते देऊन प्रतीवर पोच घ्या. बोलावणे ईमेलने आले असेल तर त्याच ईमेलला उत्तर म्हणून पीडीएफ जोडा आणि मजकुरात दोन ओळींत पत्र जोडल्याचे सांगा. फाइलीच्या नावात तुमचे नाव व पद असू द्या, कारण लिपिक ती छापून फाइलीला लावतात आणि "पत्र अंतिम" अशा नावाची फाइल कोणाची हे त्यांना कळत नाही. अध्यक्षांचे व मुख्याध्यापिकांचे नाव लिहिणार असाल तर बोलावणे-पत्रावरचे शुद्धलेखन आणि पदव्या तशाच ठेवा. खात्री नसेल तर नाव न घालता केवळ पदनाम लिहिणे पूर्णपणे रीतीला धरून आहे.

पाठवण्यापूर्वी पत्र घरातल्या किंवा ओळखीतल्या अशा माणसाला वाचायला द्या, ज्याला मुलाखतीत काय झाले हे माहीत नाही. वाचून झाल्यावर त्याला विचारा की समितीने काय विचारले असावे. त्याला ते सांगता आले, तर पत्र त्या मुलाखतीचे आहे. सांगता आले नाही, तर तुमची उद्दिष्टे पुन्हा "गोडी" आणि "विकास" यांच्याकडे सरकली आहेत असे समजा व तेवढाच परिच्छेद नव्याने लिहा.

यानंतर समितीने निर्णयाची जी तारीख सांगितली असेल ती उलटून चार-पाच दिवस जाईपर्यंत काहीही पाठवू नका. मग कार्यालयात एकदा दूरध्वनी करून, अर्ज क्रमांक सांगून, निर्णय झाला आहे का एवढे विचारा. ही विचारणा लिपिकाकडेच करावी, मुख्याध्यापिकांच्या खासगी क्रमांकावर नको. तारीख सांगितलीच नसेल तर दोन आठवडे थांबणे योग्य.